जुन्या कर्जाची मागणी आली, तर हिशोब आणि कागद कसे मागायचे

दहा-बारा वर्षांपूर्वी थकलेल्या कर्जाची नोटीस अचानक येते. बँकेचं नाव ओळखीचं असतं, पण नोटीस पाठवणारी कंपनी कधी ऐकलेलीही नसते आणि मागितलेला आकडा मूळ कर्जाच्या दोन-तीन पट असतो. अशा वेळी बरेच जण फोनवरच वाद घालतात, तर काही जण कटकट मिटावी म्हणून हजार-दोन हजार भरून मोकळे होतात. हा आकडा आला कुठून आणि तो सिद्ध करणारे कागद कुठे आहेत, हे मात्र कोणी लेखी विचारत नाही.

या लेखात एकच प्रकार घेतला आहे: तारण नसलेलं वैयक्तिक कर्ज, जे बँकेनं बुडीत धरून दुसऱ्या कंपनीला विकलं आणि ज्याची मागणी अनेक वर्षांनी आली. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीलाही यातलं बरंचसं लागू पडतं. घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचं गणित वेगळं आहे. तिथे गहाणावरून पैसे वसूल करण्याची मुदत बारा वर्षांची असते, त्यामुळे पुढे दिलेली तीन वर्षांची मोजणी त्याला लावू नका.

आपल्याकडे 'मागितल्यापासून इतक्या दिवसांत हिशोब द्या' असं प्रत्येक वसुली कंपनीला सरसकट बांधणारा कायदा नाही. तरीही लेखी मागणीला वजन असतं, कारण पैसे येणं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर असते. तुम्ही कागद मागितले आणि त्यांनी ते दिले नाहीत, हे पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापुढे किंवा न्यायालयात दाखवता येतं.

पहिल्या फोनला काय बोलायचं

फोनवर कर्जाबद्दल काहीच मान्य करायचं नाही आणि नाकारायचंही नाही. बोलणाऱ्याचं नाव, कंपनीचं पूर्ण नाव, कार्यालयाचा पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल आणि त्यांच्याकडे नोंदलेला कर्ज खाते क्रमांक विचारा. मग म्हणा, "तुमची मागणी लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देईन." एवढ्यावर फोन ठेवा. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, अशी रिझर्व्ह बँकेची ऑगस्ट २०२२ ची सूचना आहे. म्हणून फोनच्या वेळा टिपून ठेवा.

या टप्प्यावर तीन गोष्टी कटाक्षानं टाळायच्या. 'प्रामाणिकपणा दाखवायला' म्हणून छोटी रक्कम भरू नका. नवा चेक देऊ नका. मोबाईलवर आलेल्या लिंकवर ओटीपी टाकून कसलीही 'सेटलमेंट संमती' देऊ नका. यामागचं कारण मुदत कायद्यात आहे.

मुदतीचं गणित आधी समजून घ्या

मुदत कायदा, १९६३ नुसार साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. हप्त्यांच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या देय तारखेपासून मोजली जाते. काही करारांत हप्ता थकल्यास सगळी रक्कम एकदम मागण्याची तरतूद असते आणि बँकेनं तशी मागणी केली असेल, तर मोजणी त्या तारखेपासून धरावी असा युक्तिवाद होतो. म्हणून सुरुवातीला दोन तारखा हाताशी हव्यात: तुम्ही शेवटचा हप्ता कधी भरला आणि करारानुसार अखेरचा हप्ता कधी देय होता. यातली नंतरची तारीख धरून पुढे तीन वर्षं मोजली की सावध अंदाज मिळतो.

ही मुदत दोन कारणांनी पुन्हा नव्यानं सुरू होऊ शकते. कलम १८ प्रमाणे, मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी लेखी कबुली दिली असेल, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. कलम १९ प्रमाणे, मुदत संपण्याआधी तुम्ही काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची नोंद तुमच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असेल, तरीही तसंच होतं. कबुलीत नेमका आकडा नसला किंवा सोबत 'मी भरणार नाही' असं लिहिलं असलं, तरी ती कबुली ठरू शकते. त्यामुळे पत्रात 'माझं कर्ज' हे शब्द येऊ देऊ नका. 'आपण ज्या कर्जाची मागणी करत आहात ते' असं लिहा.

मुदत संपून गेल्यावर नुसत्या कबुलीनं किंवा किरकोळ भरण्यानं ती परत जिवंत होत नाही. पण करार कायद्याचं कलम २५(३) तेव्हाही लागू असतं. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन दिलंत, तर तो नवा करार होतो आणि त्यावर दावा करता येतो. सेटलमेंटच्या कागदावर केलेली सही बहुतेक वेळा हेच काम करते.

करोनाकाळही मोजणीत धरायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. २०२० च्या आधीच मुदत संपलेल्या कर्जाला याचा फायदा मिळत नाही, मात्र त्या काळात मुदत चालू होती असं कंपनी दाखवू शकली, तर तिला जवळपास दोन वर्षं जादा मिळतात.

मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसं झालं, असं होत नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो, पण विनंती करून पैसे मागायला किंवा तडजोड सुचवायला त्यांना कायद्यानं मनाई नाही. तुम्हाला स्वतःच्या इच्छेनं फेडायचं असेल तर तेही करता येतं. फक्त काय फेडतोय हे कळल्यावर फेडा.

पत्र पाठवण्याआधी तीन ठिकाणी शोधा

पहिलं ठिकाण न्यायालय. services.ecourts.gov.in या संकेतस्थळावर जिल्हा निवडून तुमच्या नावानं शोध घ्या. कर्ज घेतलं तेव्हा तुम्ही ज्या जिल्ह्यात राहत होता तो जिल्हाही पाहा, कारण समन्स जुन्या पत्त्यावर गेलं असण्याची शक्यता असते. तुमच्या गैरहजेरीत हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निकाल, झाला असेल, तर चित्रच पालटतं. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत बारा वर्षं आहे आणि तिथे तीन वर्षांचा मुद्दा उपयोगी पडत नाही. असं काही सापडलं तर पत्रव्यवहारात वेळ न घालवता थेट वकिलाकडे जा.

दुसरं ठिकाण क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात ते कर्ज अजून दिसत असेल, तर शेवटच्या भरण्याची तारीख, निर्लेखित केलेली रक्कम आणि कोणत्या संस्थेनं माहिती दिली, या तीन गोष्टी उतरवून घ्या. ही माहिती कर्ज देणाऱ्यानंच पुरवलेली असते, म्हणून नंतर त्यांचा दावा वेगळा निघाला तर ती फार कामाची ठरते. रिपोर्टची पीडीएफ त्याच दिवशी जपून ठेवा.

तिसरं ठिकाण तुमचं स्वतःचं कपाट. जुनं पासबुक, हप्ता कापल्याच्या नोंदी, शाखेत रोख भरल्याच्या पावत्या आणि मंजुरीपत्र शोधा. हप्ते ज्या बचत खात्यातून जात होते, त्या बँकेकडे जुना खातेउतारा मागा. शुल्क पडेल आणि फार जुना उतारा मिळेलच असं नाही, पण अर्ज करून त्याची पोच घ्यावी.

पत्रात काय मागायचं

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे असावं आणि प्रत मूळ बँकेला जावी. ईमेल करा, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. फार लांबवू नका, कारण आर्थिक अडचणीची कहाणी लिहिताना नकळत कबुली दिली जाते. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

> विषय: आपल्या दि. ____ च्या मागणीचा तपशील व कागदपत्रे मिळण्याबाबत (आपला संदर्भ क्र. ____)
>
> महोदय/महोदया,
>
> आपण वरील संदर्भाने माझ्याकडे रु. ____ ची मागणी केली आहे. ही मागणी, तिची रक्कम किंवा कोणतेही देणे मी या पत्राद्वारे मान्य करत नाही, तसेच कोणतीही रक्कम भरण्याचे वचन देत नाही. मुदतीच्या मुद्द्यासह माझे सर्व हक्क राखून, मागणीची पडताळणी करण्यासाठी पुढील कागदांच्या प्रती मागत आहे.
>
> १. आपण म्हणता त्या कर्जाचा सही असलेला संपूर्ण करार आणि मंजुरीपत्र.
>
> २. कर्जवाटपाच्या दिवसापासून आजपर्यंतचा, प्रत्येक जमा-नावे नोंद दाखवणारा प्रमाणित खातेउतारा.
>
> ३. मागितलेल्या रकमेची फोड: मुद्दल, करारातील व्याज, दंड व इतर शुल्क वेगवेगळे; प्रत्येकाचा दर, कालावधी आणि तो आकारण्याचा अधिकार देणारे करारातील कलम.
>
> ४. शेवटच्या तीन जमा नोंदींची भरणा पावती, चेक किंवा हस्तांतराचा तपशील.
>
> ५. माझी लेखी कबुली आपल्याकडे असल्याचे म्हणणे असेल, तर त्या कागदाची प्रत.
>
> ६. कर्ज आपल्याकडे हस्तांतरित झाल्याचा दस्त आणि त्याच्या परिशिष्टातील या खात्याची नोंद असलेले पान.
>
> ७. या मागणीबाबत दाखल झालेला दावा, लवाद किंवा झालेला आदेश असल्यास त्याचा क्रमांक व प्रत.
>
> हे कागद मिळेपर्यंत पुढील संपर्क कृपया लेखी करावा.

पत्रात तुमची जन्मतारीख, पॅन किंवा नवा बँक खाते क्रमांक लिहू नका. त्यांनी दिलेल्या संदर्भ क्रमांकावरून त्यांना खातं सापडलंच पाहिजे. तुमच्याकडच्या पावत्याही पहिल्याच पत्राला जोडू नका. आधी त्यांचा उतारा येऊ द्या.

सहाव्या मुद्द्याला पुष्कळदा टाळाटाळ होते. 'विक्रीचा करार गोपनीय आहे' असं उत्तर येतं. खरेदीची किंमत आणि इतर कर्जदारांची नावं झाकून ठेवायला हरकत नाही, पण तुमचं खातं त्या यादीत आहे हे त्यांनी दाखवायला हवं. हे पान महत्त्वाचं अशासाठी की बँका एका वेळी हजारो खाती विकतात. त्यात एखादं आधीच फेडलेलं किंवा तडजोडीत मिटलेलं खातंही जाऊ शकतं. आणखी एक गोष्ट इथे लक्षात असू द्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, कर्ज विकत घेणाऱ्याला मूळ बँकेपेक्षा जास्त हक्क मिळत नाहीत. बँकेसमोर तुम्ही जे आक्षेप घेऊ शकला असता, ते सगळे या कंपनीसमोरही घेता येतात.

आलेला हिशोब वाचायचा कसा: एक उदाहरण

समजा, एप्रिल २०१२ मध्ये दीड लाखाचं कर्ज १६ टक्के दरानं ३६ महिन्यांसाठी घेतलं. हप्ता साधारण ५,२७४ रुपये, पहिला मे २०१२ मध्ये आणि अखेरचा एप्रिल २०१५ मध्ये देय. २०१४ मध्ये नोकरी गेली आणि हप्ते थांबले. २०१६ मध्ये बँकेनं खातं विकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीची ४,१२,००० रुपयांची नोटीस आली.

पत्रानंतर कंपनीनं आधी एका पानाचं 'थकबाकी विवरण' पाठवलं. त्यात तीनच ओळी होत्या आणि खाली शिक्का. याला खातेउतारा म्हणत नाहीत. अशा वेळी त्याच पत्राचा संदर्भ देऊन 'मुद्दा क्रमांक २ आणि ३ ची पूर्तता झालेली नाही' एवढंच परत कळवायचं. दुसऱ्या खेपेला पूर्ण उतारा आला.

त्या उताऱ्यात फेब्रुवारी २०१४ पर्यंत २२ हप्ते जमा दिसतात आणि शिल्लक मुद्दल सुमारे ६६,९४४ रुपये. पुढे खातं थकीत ठरतं आणि व्याजाच्या नोंदी थांबतात. हे असंच असणार, कारण ९० दिवसांहून जास्त थकलेलं खातं एनपीए झालं की बँक न मिळालेलं व्याज उत्पन्न म्हणून दाखवू शकत नाही. म्हणजे बँकेच्या मूळ खात्यात शिल्लक जिथल्या तिथे गोठलेली असते आणि नोटिशीतला फुगलेला आकडा नंतर कोणीतरी वेगळ्या तक्त्यात काढलेला असतो. तुम्ही मागायचा तो नेमका हा तक्ता.

हा आकडा घरी पडताळता येतो. ६६,९४४ रुपयांवर १६ टक्के सरळ व्याज वर्षाला सुमारे १०,७११ रुपये होतं. अकरा वर्षांचं व्याज १,१७,८२१ आणि मुद्दल धरून सुमारे १,८४,७६५ रुपये. नोटिशीत मात्र ४,१२,००० आहेत. आता तीच रक्कम दरमहा चक्रवाढीनं अकरा वर्षं वाढवली तर ३,८४,६०६ येते. उरलेले २७,३९४ रुपये 'कायदेशीर व वसुली खर्च' या नावाखाली आहेत. कालावधी खरं तर साडेदहा वर्षांच्या आसपास असताना पूर्ण अकरा वर्षं धरली आहेत, हेही इथे दिसतं.

यातून विचारायचे प्रश्न आपोआप तयार होतात. खातं थकल्यावर दरमहा चक्रवाढ लावायची परवानगी करारातलं कोणतं कलम देतं? वसुली खर्चाची बिलं कुठे आहेत? दंडाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा नियमही आहे. त्यानुसार दंड व्याजदरात मिळवता येत नाही आणि दंडाच्या रकमेवर पुढचं व्याज चढवता येत नाही. तो २०२४ पासून लागू झाला, म्हणून २०१४ च्या आकारणीसाठी त्याचा थेट आधार घेता येणार नाही. त्या काळासाठी करारच पाहावा लागतो.

आता जमा बाजू. कर्जदाराकडे मार्च आणि एप्रिल २०१४ च्या दोन रोख पावत्या सापडल्या. म्हणजे २४ हप्ते भरले गेले होते आणि मुद्दल ६६,९४४ नसून सुमारे ५८,१२३ उरतं. दोन हप्त्यांचा फरक वरवर साडेदहा हजारांचा वाटतो, पण अकरा वर्षांच्या चक्रवाढीत तो नोटिशीचा आकडा पन्नास हजारांनी फुगवतो.

याहून मोठी गोष्ट उताऱ्याच्या शेवटच्या पानावर होती: फेब्रुवारी २०१८ मध्ये रोख ५०० रुपये जमा आणि डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा रोख ५०० रुपये जमा. कर्जदाराला यातलं काहीच आठवत नाही. पैशाच्या दृष्टीनं हजार रुपये जमा झाले, म्हणजे त्याचा फायदाच झाला, असं वाटून पान उलटलं जातं. मुदतीच्या दृष्टीनं पाहा. या नोंदी नसत्या, तर एप्रिल २०१५ चा अखेरचा हप्ता धरूनही मुदत एप्रिल २०१८ मध्ये संपली असती. फेब्रुवारी २०१८ ची नोंद ती संपण्याच्या दोन महिने आधीची आहे आणि तिनं मुदत फेब्रुवारी २०२१ पर्यंत नेली. तेवढ्यात करोनाचा वगळलेला काळ आला. डिसेंबर २०२० ची नोंद त्या काळात पडते, त्यामुळे तिची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजावीत असं कंपनी म्हणू शकते. मग मुदत थेट फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंत जाते आणि ऑक्टोबर २०२४ ची नोटीस मुदतीत बसते. सगळा दावा त्या दोन ओळींवर उभा आहे.

म्हणूनच पत्रात चौथा मुद्दा घातला. कलम १९ ला भरणा करणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद लागते. कंपनीच्या संगणकातली ओळ पुरत नाही. शिवाय इथे एक विसंगती आहे. दोन्ही नोंदींपुढे 'शाखेत रोख' असं लिहिलंय, पण खातं २०१६ मध्येच कंपनीकडे गेलं होतं, मग पैसे कोणत्या शाखेत भरले गेले? आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये शेवटच्या भरण्याची तारीख २०१४ ची आहे. पुढच्या पत्रात या दोन नोंदींची सही असलेली भरणा पावती, शाखेचं नाव आणि पैसे भरणाऱ्याचं नाव एवढंच मागायचं. 'तुम्ही खोट्या नोंदी केल्या' असा आरोप करायची गरज नाही. एखाद्या दुसऱ्या खात्याची रक्कम चुकून इथे जमा झालेली असू शकते, किंवा घरातल्या कोणीतरी वसुलीवाल्याला दिलेली असू शकते. पावतीवर कोणाची सही आहे, यावरून ते कळेल.

तुमचं त्याच बँकेत दुसरं चालू कर्ज असेल, तर आणखी एक खबरदारी घ्या. करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे, रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे तुम्ही सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही ते उघड होत नसेल, तर घेणेकरी ती मुदतबाह्य देण्यातही जमा करू शकतो. म्हणून प्रत्येक भरण्यावर कर्ज खाते क्रमांक लिहा.

'जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर

हे उत्तर लेखी मिळालं तर ते फार जपून ठेवा. बँकांना व्यवहारांच्या नोंदी कायमच्या ठेवाव्या लागत नाहीत, त्यामुळे कागद खरोखरच नष्ट झालेले असू शकतात. पण मग मागणी कशाच्या आधारावर केली, याचं उत्तर त्यांच्याकडे राहत नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ नुसार बँकेच्या वह्यांची प्रमाणित प्रत पुरावा म्हणून चालते. संगणकावरचा उतारा असेल तर त्याला ठरावीक प्रमाणपत्रं जोडावी लागतात. तरीसुद्धा हिशोबाच्या वहीतली नोंद एकटीच कोणावर देणं बसवायला पुरेशी नसते, असं पुराव्याच्या कायद्यातच म्हटलं आहे. करार नाही, पावत्या नाहीत आणि फक्त शिक्का मारलेलं विवरण आहे, अशी त्यांची बाजू कमकुवत असते.

मूळ बँकेनं तुमच्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसलं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. तक्रारीत 'कर्ज रद्द करा' असं मागू नका. मुदत संपली की नाही हे ठरवणं हे न्यायालयाचं काम आहे. 'अमुक तारखेला मागितलेला खातेउतारा आणि हस्तांतराचं पत्र मिळालेलं नाही' अशी मोजकी मागणी केली की त्यावर निर्णय होणं सोपं जातं.

नुसतं पत्र आणि खरा न्यायालयीन कागद यातला फरक

वकिलाची नोटीस म्हणजे दावा नव्हे. तिला वरच्यासारखंच लेखी उत्तर द्यावं. लोकअदालतीची दावापूर्व नोटीस मात्र समन्ससारखी दिसते आणि लोक तिला फार घाबरतात. लोकअदालत दोन्ही बाजूंची तडजोड झाली तरच निवाडा देते. गेला नाहीत म्हणून तुमच्याविरुद्ध आदेश निघत नाही. गेलात आणि तडजोडीवर सही केलीत, तर मात्र तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा लागू होतो आणि त्यावर अपील नसतं. जायचं असेल तर जा, पण पॅनेलसमोर आधी खातेउतारा मागा आणि तो नसेल तर सही न करता परत या.

लवादाची नोटीस आणि दिवाणी न्यायालयाचं समन्स यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नेहमीच्या दाव्यात कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. संक्षिप्त दाव्यात तर समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. मुदतबाह्य दावा न्यायालयानं स्वतःहून फेटाळावा असं मुदत कायद्याचं कलम ३ सांगतं, पण त्या ५०० रुपयांच्या दोन नोंदींना कोणी आव्हानच दिलं नाही, तर कागदावर दावा मुदतीत दिसतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो.

मूळ कर्जदार हयात नसेल आणि मागणी वारसांकडे आली असेल, तर पत्रात 'मयताची मालमत्ता माझ्याकडे आली असल्यास तेवढ्यापुरताच प्रश्न येतो, आणि तेही मान्य न करता' अशी ओळ घाला. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित असते. स्वतःच्या पगारातून भरण्याची हमी मात्र सहीनिशी देऊ नका.

हिशोब पटला आणि मिटवायचं ठरवलं तर

आधी कंपनीच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र घ्या. त्यात खाते क्रमांक, ठरलेली एकूण रक्कम, ती पूर्ण आणि अंतिम असल्याचं वाक्य, भरण्याची तारीख, ना-देय दाखला किती दिवसांत देणार आणि क्रेडिट कंपन्यांना काय कळवणार, हे सगळं हवं. शक्य असेल तर रक्कम एकदम भरण्याची तडजोड करा. हप्त्यांची सोय घेतलीत आणि एखादा हप्ता चुकला, तर जुनं मुदतबाह्य देणं तुमच्या सहीच्या नव्या करारातून पूर्ण रकमेनं परत उभं राहण्याचा धोका असतो. पैसे कंपनीच्या नावाच्या बँक खात्यातच पाठवा, वसुली करणाऱ्या माणसाच्या यूपीआयवर कधीही नाही.

पैसे भरल्यावर, किंवा कंपनी कागद देऊ शकली नाही आणि मागणी मागे घेतली तर, क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. नोंद चुकीची असेल तर क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून सोबत ना-देय दाखला किंवा मागणी मागे घेतल्याचं पत्र जोडा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार केल्याची तारीख आणि क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, कारण दिवस तिथूनच मोजले जातात.